एक शून्य जास्त

माझ्या सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय आणि या बेचाळीस वर्षांत त्यांनी एकदाही खोडरबर वापरलेला नाही. हे ते ज्याने विचारलेलं नाही त्यालाही सांगतात. चूक झाली तर आकड्यावर एक तिरकी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि चुकलेला आकडासुद्धा वाचता आला पाहिजे, हा त्यांचा नियम. या नियमाने गेल्या उन्हाळ्यात मला चार हजार पन्नास डॉलरला बुडवलं. मला म्हणजे खरं तर त्यांना. पण डोकं माझं फिरलं, म्हणून मला म्हणते.

बाबा, म्हणजे दिगंबर, नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे न्यू जर्सीत, आयसेलिनला राहायला आले. आल्यानंतर दुसऱ्याच रविवारी त्यांनी इथला एक क्रिकेट क्लब शोधून काढला आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून वही उघडली. तेव्हापासून सगळा क्लब त्यांना दिगंबरकाका म्हणतो. पुढे कधीतरी त्यांनी फोनवर बेटिंगची ॲप्स घेतली. एक नाही, तीन. का, तर तिघांचे भाव ताडून बघायला. भाजी घेतानाही ते तीन दुकानं फिरतात.

"बाबा, हा सट्टा आहे," मी म्हटलं होतं.

"इथे कायद्याने चालतो. लपवून करायला मी काही चोर नाही," ते म्हणाले, आणि पाच डॉलर कुणावर तरी लावून वहीत तशी नोंद केली.

तर त्या जुलैतल्या शनिवारी टीव्हीवर इथल्या टी-ट्वेन्टी लीगची मॅच होती आणि एका टीममध्ये वेद नावाचा फलंदाज होता. आमच्या शेजारच्या एडिसनचा. बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्या क्लबच्या मॅचेस बाबांनी लिहिलेल्या. तो सहाव्या नंबरावर खेळायला येतो, त्यामुळे टीममध्ये सगळ्यात जास्त रन्स तो करेल या बेटवर भाव होता प्लस नऊशे. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर वर नऊशे. बाबांचं म्हणणं, पिच संथ आहे, वरचे चार जण हाणामारी करायला जातील आणि आउट होतील, वेद थांबून खेळेल. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पन्नास डॉलर लावले. आयुष्यातली सगळ्यात मोठी बेट. एक चाळीसला पुन्हा पन्नास लावले. मी तेव्हा पोळ्या करत होते, मला यातलं काही माहीत नाही.

वरचे चार जण हाणामारी करायला गेले आणि आउट झाले. वेद थांबून खेळला. एकसष्ट रन्स. बाबा ओरडले नाहीत, त्यांनी वहीत एकसष्टला गोल केला आणि चहा मागितला. मग फोन माझ्यासमोर धरला. ॲपमध्ये पाच हजार पन्नास डॉलर दिसत होते. पहिल्या पन्नासचे साडेचारशे, दुसऱ्या पन्नासचे साडेचार हजार आणि लावलेले शंभर.

"दुसऱ्याचे इतके कसे?" मी विचारलं.

"भाव वाढला होता," बाबा म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मी तिथेच खोदून विचारायला हवं होतं. पण मी खूश होते. माणूस खूश असला की खोदत नाही.

रविवारी मॅच संपल्यावर बाबांनी क्लबच्या पंचवीस-तीस माणसांसमोर जाहीर केलं, की मैदानावर इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड माझ्याकडून. चार हजार आठशेचा बोर्ड. क्लबचा सेक्रेटरी नकुल तीन वर्षं त्याच्यासाठी वर्गणी मागत फिरत होता. त्याने बाबांना मिठीच मारली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्यांची रांग. बाबांनी शब्द दिला आणि ते घरी येऊन शांतपणे झोपले. पैसे अजून ॲपमध्येच होते. शब्द द्यायच्या आधी पैसे खिशात घ्यावेत हे चार बुकं शिकलेल्या माणसाला कळू नये?

सोमवारी सकाळी ॲपमध्ये शंभर डॉलर होते.

मेल आली होती. गुळगुळीत, सभ्य. तुम्ही घेतलेल्या दोन्ही बेट्सच्या मार्केटमध्ये 'उघड चूक' आढळली, आमच्या नियमांच्या अमुक कलमानुसार दोन्ही रद्द केल्या आहेत, तुमचे पैसे परत केले आहेत, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. शिवाय सदिच्छा म्हणून पन्नास डॉलरची बोनस बेट. खाली हिरवं बटण, 'स्वीकारा'.

"दोन्ही?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "पहिल्यात काय चूक?"

मी चॅट उघडलं. पंचवीस मिनिटं थांबल्यावर एक माणूस आला, त्याला मी विचारलं, की वेद हरला असता तर तुम्ही शंभर डॉलर परत केले असते का? तो म्हणाला, तुमची भावना मी समजू शकतो. मी म्हटलं, भावना राहू दे, उत्तर दे. त्याने मला नियमांची लिंक पाठवली. मी म्हटलं, मॅच झाली, निकाल लागला, तुम्ही पैसे जमा केले, आणि दोन दिवसांनी तुम्हाला चूक दिसली? तो म्हणाला, आणखी काही मदत करू का? छापा पडला तर त्यांचा, काटा पडला तरी त्यांचाच, आणि वर मदत करू का!

संध्याकाळी मी अमेयला बोलावलं. अमेय माझ्या नवऱ्याचा, प्रसादचा, कॉलेजातला ज्युनिअर. जर्सी सिटीत दुसऱ्याच एका बेटिंग कंपनीत कम्प्लायन्सचं काम करतो, म्हणजे कंपनी कायदा पाळते की नाही ते बघतो. आला, साबुदाण्याची खिचडी घेतली आणि मेल वाचून हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

"वहिनी, याला आमच्याकडे पाल्प म्हणतात. पाल्पेबल एरर. ट्रेडरचं बोट घसरतं, प्लसचं मायनस होतं, दोन टीम्सचे ऑड्स उलटसुलट पडतात. हाउस रूल्समध्ये सगळ्यांनीच लिहून ठेवलेलं असतं, की अशी उघड चूक असेल तर बेट व्हॉइड म्हणजे रद्द करू, नाहीतर करेक्ट प्राइसने, म्हणजे बरोबर भावाने, सेटल करू."

"म्हणजे त्यांचंच खरं?"

"थांबा ना यार. उघड चूक म्हणजे काय? जरा जास्त दिलेला भाव म्हणजे चूक नाही. बाकीच्या मार्केटच्या तुलनेत ढळढळीत चुकीचा पाहिजे. प्लस नऊशे जर बाकीच्यांकडेही होतं, तर पहिली बेट त्यांना रद्द करताच येणार नाही. आणि दुसरी गोष्ट, न्यू जर्सीत ऑपरेटरला स्वतःच्या मनाने बेट कॅन्सल करता येत नाही. राज्याच्या गेमिंग डिव्हिजनचं, म्हणजे सट्ट्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, आधी अप्रूव्हल लागतं. ते घेतलंय का, विचारा. लेखी विचारा. चॅटवर भांडू नका."

"आणि हे पन्नास डॉलर?"

"हात लावू नका. घेतलेत तर उद्या म्हणतील, प्रकरण मिटलं. आधी कंपनीकडे लेखी कम्प्लेंट. पाच दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. पटलं नाही की डिव्हिजनचा फॉर्म भरायचा. बेट नंबर, वेळ, स्क्रीनशॉट, त्या वेळचे दुसऱ्यांचे भाव, जे असेल ते जोडायचं." मग तो बाबांकडे वळला. "काका, दुसऱ्या बेटची प्राइस किती होती?"

"नऊ हजार," बाबा म्हणाले.

अमेयने चमचा खाली ठेवला. "वहिनी, ती चूक आहे. एक शून्य जास्त पडलंय."

"असू दे," मी म्हटलं. "त्यांचं शून्य, त्यांनी निस्तरावं. परवानगी न घेता रद्द केली असेल तर?"

"तर त्यांची बाजू कच्ची आहे," अमेय म्हणाला. "डिव्हिजनसमोर फजिती नको म्हणून सगळे देऊनही टाकतील कदाचित. कंपन्या असं करतात. गॅरंटी नाही."

मला तेवढं पुरे होतं. आमची इशिता चौदा वर्षांची, ती फोनमधून वर न बघता म्हणाली, "आजोबा, यू आर सो क्वाएट." तिच्याही लक्षात आलं, माझ्या नाही.

मी कंपनीला लेखी तक्रार पाठवली. तीन प्रश्न: प्लस नऊशेत चूक काय, बरोबर भाव किती होता, आणि रद्द करायच्या आधी परवानगी घेतली होती का. पाचव्या दिवशी उत्तर आलं. ते मार्केट सुरुवातीपासूनच चुकीचं लागलं होतं, म्हणून दोन्ही बेट्स रद्द. तिसऱ्या प्रश्नाबद्दल अवाक्षर नाही. मी परत विचारलं. त्यांनी परत तेच पाठवलं, शब्दही न बदलता. तिकडे नकुलचा फोन, काका, बोर्डचं माप कोणतं घ्यायचं? बाबा म्हणाले, मोठं घे. मी कपाळाला हात लावला.

आता घोडं इथे अडलं होतं, की एक वाजून पाच मिनिटांनी बाकीच्या कंपन्यांचा भाव काय होता हे दाखवायचं कसं? स्क्रीनशॉट बाबांनी काढले नव्हते. त्यांना स्क्रीनशॉट काढताच येत नाही, चुकून काढला तर तो ते फोन करून मला सांगतात. मी वैतागून म्हटलं, "तीन-तीन ॲप्स बघत बसता, मग कुठे तरी लिहून तरी ठेवायचं!"

"लिहिलंय की," बाबा म्हणाले. "वहीत."

वही आणली. त्या मॅचच्या पानावर, वरच्या समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात: १:०५. आपलं ९००, दुसरं ८५०, तिसरं ९५०. रु. नव्हे डॉ. ५० लावले. मला वहीचा मुका घ्यावासा वाटला. सुरुवातीपासून चुकीचं म्हणे! तिसऱ्या कंपनीत तर जास्तच होता.

मग मी खालची ओळ वाचली. १:४०. दुसरं ८५०, तिसरं ९००, आपलं ९०००. शून्य जास्त पडलंय बहुतेक. डॉ. ५० लावले.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंत?"

"दिसलं ते लिहिलं."

"कशाला पण?"

"स्कोअरर आहे मी," बाबा म्हणाले. जिंकल्याच्या दिवशी मला मात्र 'भाव वाढला होता' एवढंच सांगितलं होतं. वहीशी खोटं बोलत नाहीत, सुनेशी चालतं.

रात्री मी त्या पानाचा फोटो काढला आणि पहिल्या ओळीखाली कापला. मी खोटं काही लिहिलं नाही, फक्त फोटो कापला. पहिल्या बेटला पुरावा एवढाच लागत होता. दुसरीसाठी परवानगीचा मुद्दा होताच. कंपनी आपल्याला नियम दाखवते, तर आपणही तिला नियम दाखवावा, यात पाप कसलं? डिव्हिजनचा फॉर्म बाबांच्या नावाने, बाबांच्या ईमेलवरून भरला, फोटो जोडला, आणि बाबांना सांगितलं की फॉर्म गेला. फोटो कापल्याचं सांगितलं नाही.

तीन आठवडे गेले. मग एका गुरुवारी मी ऑफिसमधून आले तर बाबा टेबलाशी बसले होते, चष्मा कपाळावर, समोर माझा जुना लॅपटॉप.

"तुझ्या डिव्हिजनकडून मेल आली होती. एक बाई आहेत. हे पान पूर्ण आहे का, असं विचारलं त्यांनी."

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, नाही. पूर्ण पाठवलं. अक्षर मराठी आहे म्हणून खाली भाषांतरही करून दिलं."

"भाषांतर? कसलं भाषांतर?"

"दोन्ही ओळींचं. 'एक्स्ट्रा झिरो, प्रॉबेबली.' बरोबर आहे ना?"

मी अशी भडकले, की प्रसाद वरून खाली आला आणि रंग बघून परत वर गेला. मी म्हटलं, बाबा, मराठी वाचणारं त्या ऑफिसात कोण बसलंय? महिनाभर मी मेल लिहितेय, जेवण करून, इशिताचा अभ्यास घेऊन लिहितेय, त्यांनी परवानगी घेतली नव्हती, ते घाबरलेले होते, आणि तुम्ही हातातोंडाशी आलेला घास नेऊन त्यांच्या ताटात वाढलात. वर भाषांतर करून वाढलात! बोर्ड कशातून घेणार आहात? शब्द कुणी दिला होता?

"मी दिला होता," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुला थांबवलं नाही महिनाभर. रोज वाटायचं, सांगावं की ते शून्य मला दिसलं होतं. आणि रोज वाटायचं, बोर्ड येऊ दे आधी. पण त्या बाईंनी सरळ विचारलं. पान पूर्ण आहे का. सुनेत्रा, माझ्या वहीचं पान अर्धं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही."

ते माझ्याकडे बघत होते. फोटो कुणी कापला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

निकाल आला सप्टेंबरात. पहिली बेट प्लस नऊशेने पूर्ण मान्य: वहीतल्या नोंदीवरून आणि कंपनीच्या स्वतःच्या रेकॉर्डवरून भाव बाजाराला धरूनच होता. दुसरीतली चूक उघड आहे, बेट घेणाऱ्यालाही ती दिसली होती, त्यामुळे ती त्या भावाने देता येणार नाही. पण कंपनीने रद्द न करता आपल्याच नियमाप्रमाणे बरोबर भावाने, म्हणजे नऊशेने, द्यावी. परवानगीशिवाय रद्द केल्याचं काय ते डिव्हिजन कंपनीशी वेगळं बघून घेईल. एकूण नऊशे डॉलर. अमेय म्हणाला, "वहिनी, फेअर आहे." मी त्याला म्हटलं, आता खिचडी बाहेर खा.

त्या रविवारी बाबांनी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं. पन्नास डॉलरची बेट होती, भावात एक शून्य चुकून जास्त होतं, मला ते दिसलं होतं, तरी मी लावले. बोर्डाचा शब्द मला पाळता येत नाही. नऊशे आहेत, ते घ्या. नकुल बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. मी लांब गाडीपाशी उभी होते आणि मला रडू येत होतं, रागाने की कशाने, देव जाणे. त्यांनी फोटोचं सांगितलं नाही. सगळं सांगितलं, तेवढं सोडून. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी गाळलं, आणि ते माझं गाळलं.

नऊशे डॉलरमध्ये येतो तो लाकडी बोर्ड. काळा, दोन खांबांवर, खिळ्यांना आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या अडकवायच्या. त्याला माणूस लागतो. क्लबने विचारलं, कोण करेल, आणि सगळी पुरुषमंडळी एकाएकी आकाशाकडे बघायला लागली. तेव्हापासून दर रविवारी, नव्वद डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात, आयटीमध्ये सोळा वर्षं काढलेली मी शिडीवर उभी असते आणि बाबांनी खुर्चीतून हात वर केला की पाट्या बदलते. काय म्हणावं या नशिबाला!

परवा शेवटच्या ओव्हरला आमच्या टीमला चार रन्स हवे होते. दोन्हीकडचे खेळाडू बोर्डाकडे बघून हिशेब करत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की आदल्या ओव्हरला मी एक रन जास्तीचा लावलाय. आमच्याच बाजूने. चार नाही, पाच हवे होते. कुणालाही कळलं नव्हतं. अंपायरला नाही, समोरच्या कॅप्टनला नाही. बाबा मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी वर बघितलं असतं तर हात केला असता, पण त्यांनी बघितलं नाही.

मी शिडी उचलली, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत चढले आणि पाटी बदलली. आमचे लोक ओरडले, "अहो सुनेत्राताई, हे काय?"

"चुकला होता," मी म्हटलं.

आम्ही एका रनने हरलो. बाबांनी वही मिटली, पेन्सिल खिशाला लावली, आणि घरी जाताना गाडीत पहिल्यांदाच तो विषय काढून मला म्हणाले, "तो फोटो. अजून आहे का तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "कापलेला आणि पूर्ण, दोन्ही आहेत."

"राहू दे," बाबा म्हणाले. "खोडू नकोस."